मोठ्याने, गुणगुणत की मनात? नामाच्या तीन वाटा

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक २५

विभूतियोगात भगवंत आपल्या खुणा सांगत जातात. स्थावरांत हिमालय, वाणीत एकाक्षर ओंकार, आणि यज्ञांत जपयज्ञ. त्याला ना समिधा लागतात, ना तूप, ना पुरोहित. पण जप मोठ्याने करायचा की मनात, हे भगवंत इथे सांगत नाहीत, आणि आपला गोंधळ नेमका तिथेच सुरू होतो. कोणी म्हणतं, मनातला जपच खरा. कोणी म्हणतं, मुखाने नाम घेतल्याशिवाय ते नाम कसलं? आणि बरेच जण, विशेषतः फ्लॅटमध्ये राहणारे माझ्यासारखे, नुसतं गुणगुणतात आणि मग शंका घेतात की हे जपात मोजायचं का.

आज याच प्रश्नाचा जरा नीट विचार करू. उदाहरणाला तेरा अक्षरांचा राममंत्र घेऊ : श्रीराम जय राम जय जय राम. समर्थांच्या परंपरेतला हा मंत्र गोंदवलेकर महाराजांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचला.

दोन उलटे आकडे

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपाची चढती भांजणी आहे. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट श्रेष्ठ, ओठ हलतात पण शेजारच्यालाही ऐकू येत नाही असा उपांशु जप शंभरपट, आणि मानस जप हजारपट. इथे निकाल लागला असं वाटतं.

पण बंगालच्या वैष्णवांच्या 'चैतन्यभागवत' या चरित्रग्रंथात हरिदास ठाकुरांची कथा येते. ते दिवसाला तीन लाख नामं घेत, तीही मोठ्याने. एका ब्राह्मणाने त्यांना अडवलं, नाम मनात घ्यावं, ओरडता कशाला? हरिदासांचं उत्तर असं की मोठ्याने घेतलेलं नाम शंभरपट श्रेष्ठ, कारण मनात जपणारा एकट्याचं भलं करतो, आणि मोठ्याने जपणारा ऐकणाऱ्याचंही, अगदी ज्यांना बोलता येत नाही त्या पशुपक्ष्यांचंही. याच उघड्या नामापायी त्यांना बाजाराबाजारांतून फटके मारत फिरवलं, असंही चरित्रग्रंथ सांगतात. म्हणजे त्यांच्यासाठी आवाज हा आवडीनिवडीचा विषय नव्हता. आवाज सोडला असता तर अंग वाचलं असतं.

आता शंभर खरं की हजार? मला वाटतं, हे आकडे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नाहीत. मनूचा श्लोक जपणाऱ्याच्या आतल्या कामाकडे बघतो, की बाहेरचा आधार जितका कमी तितकं मनाला जास्त काम. हरिदास बघतात ते नाम कोणाकोणापर्यंत पोचतं याकडे. आपल्या वारकरी परंपरेचा कलही याच दुसऱ्या बाजूचा आहे. टाळ-मृदंगाच्या गजरात नाम कोणाचं एकट्याचं उरत नाही. ज्याला मंत्रदीक्षा नाही, अक्षरओळख नाही, त्यालाही ते ऐकून उचलता येतं.

म्हणून 'श्रेष्ठ कोणता' याआधी एक साधा प्रश्न विचारावा : या क्षणी नाम कोणी धरून ठेवलंय? मोठ्याने जपात जीभ धरते आणि कान तपासतो. गुणगुणताना श्वास लय धरतो, पण अक्षरं मनाला धरावी लागतात. मानस जपात सगळंच मनावर. म्हणजे जसजसं वर जाऊ, तसतशी चूक दिसेनाशी होते. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रकाराची नोंद आपोआप होते, तिसऱ्याची होतच नाही. नवख्याने कुठून सुरुवात करावी, याचं उत्तर यातच आहे.

मोठ्याने

मांडी घालून किंवा खुर्चीवर, पाठ सरळ. आवाज रोजच्या बोलण्याचा, किंवा त्याहून थोडा खालचा. आपल्या कानाला स्पष्ट यावा, पलीकडच्या खोलीत जाऊ नये. श्वास नाकाने घ्यावा आणि एका उच्छ्वासात एक किंवा दोन वेळा मंत्र म्हणावा. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरूमणी आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्यायची.

सावकाश म्हटलं तर एका मंत्राला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांना साडेपाच मिनिटांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

इथे बिघडतं ते वेगामुळे. साठ-सत्तर मणी झाले की दुसरा 'जय' गिळला जातो आणि शेवटच्या 'राम'चा 'म' ओठ न मिटताच निसटतो. कान दिला तर लगेच कळतं. तसं झालं की वेग कमी करून पुढचे पाच मंत्र प्रत्येक 'म'ला ओठ मिटवून म्हणा. एका माळेनंतर घसा खवखवत असेल तर आवाज चढा लागलाय, किंवा श्वास तोंडाने घेतला जातोय. आवाज खाली आणा.

गुणगुणत

एक खुलासा आधी. गुणगुणणं म्हणजे शास्त्रातला उपांशु जप नव्हे. उपांशु जपात ओठ हलतात आणि अक्षरं उमटतात. गुणगुणताना ओठ मिटलेले असतात आणि बाहेर पडतो तो फक्त एक नाद. त्याचं जवळचं नातं हठयोगातल्या भ्रामरीशी आहे. मग तो जप म्हणावा का? मनात नाम चालू असेल तर म्हणावा, नसेल तर ते नुसतं गुणगुणणं. पतंजलींनी योगसूत्रांत (१.२८) प्रणवाबद्दल जप आणि अर्थाची भावना यांची जोडी सांगितली आहे. या प्रकारात ती जोडी सुटली तर हाती काहीच उरत नाही.

इथे लांब मंत्र अवघड जातो, म्हणून फक्त 'राम' घ्या. पहिले तीन वेळा 'रा' तोंड उघडून म्हणा आणि 'म'वर ओठ मिटून तो श्वास संपेपर्यंत लांबवा. मग ओठ सुरुवातीपासूनच हलके मिटा, दातांमध्ये थोडी फट ठेवा, नाकाने श्वास घ्या, आणि सोडताना गुणगुणत मनात 'राऽम' म्हणा. ओठांवर आणि नाकाच्या हाडाशी कंप जाणवला पाहिजे. नाद बरोबर नाकातून जातोय का, याची सोपी परीक्षा म्हणजे मध्येच नाक चिमटीत धरणं. आवाज बंद पडला तर बरोबर.

शरीरावर याचा परिणाम मोजलेला आहे. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की शांतपणे श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण पंधरापट होतं, कारण कंपनाने सायनसमधली हवा हलते. हे हवेचं मोजमाप आहे, भक्तीचं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

सुरुवातीला अकरा वेळा पुरे. श्वास ताणू नका. गरगरलं किंवा कानात दडा बसल्यासारखं वाटलं तर थांबून साधा श्वास घ्या. सर्दीने नाक चोंदलेलं असताना हा प्रकार नकोच. आणि इथली खरी फसगत म्हणजे चाल. नादाला गोडी आली की मन चाल बांधायला लागतं आणि नाम मागच्या मागे निघून जातं. दर तीन-चार श्वासांनी स्वतःला विचारा, आत्ता मनात 'राम' होता की नुसती सुरावट?

मनात

ओठ बंद, जीभ स्थिर. जीभ आपोआप किंचित हलेल, त्याची चिंता नको. श्वास आहे तसाच चालू द्या. जमलं तर श्वास आत येताना 'श्रीराम जय राम' आणि बाहेर जाताना 'जय जय राम'. यासाठी श्वास ओढावा लागत असेल तर श्वासाची जोडी सोडा, नाम ठेवा.

पहिल्या दिवशी पूर्ण माळ नको. २७ मंत्र, म्हणजे पाव माळ. कारण मानस जपात बोटं फार हुशार असतात. मन बँकेच्या हप्त्यात गुंतलेलं असतं आणि मणी सरकत असतात. हे ओळखायला घड्याळ उपयोगी पडतं. समजा मोठ्याने माळ साडेपाच मिनिटांत झाली आणि मनातली दोनच मिनिटांत. म्हणजे एका मंत्राला साधारण एक सेकंद. आता तेवढ्या वेळात तेरा अक्षरं तोंडाने म्हणून बघा. मंत्राची नुसती घरघर होते. मन जिभेपेक्षा थोडं वेगवान असू शकतं, पण तिप्पट वेग आला तर बहुतेक वेळा मंत्राची जागा फक्त त्याच्या आठवणीने घेतलेली असते. माळ पूर्ण, जप अर्धा.

अशा वेळी मनाशी भांडू नका. जिथे सुटलं तिथेच तीन वेळा ऐकू येईल असं म्हणा आणि परत आत जा. झोप येत असेल तर डोळे उघडा आणि दोन-चार मिनिटं मोठ्यानेच जपा. खालच्या पायरीवर येण्यात कमीपणा नाही. कठडा असतो तो धरण्यासाठीच.

तिन्ही मिळून

आठवडाभर असं करून बघा. आधी एक माळ मोठ्याने, साडेपाच मिनिटं. मग 'राम' अकरा वेळा गुणगुणत, एका श्वासाला दहा सेकंद धरले तर दोन मिनिटांहून थोडं कमी. शेवटी २७ मंत्र मनात, तीन-तीन सेकंदांनी, दीड मिनिटाच्या आत. सगळं मिळून नऊ मिनिटं. वहीत माळांचा आकडा नको. मनातल्या २७ पैकी किती वेळा मंत्र शेवटच्या 'राम'पर्यंत पोचला, एवढाच अंदाज लिहा. नऊ असेल तर नऊ.

मानस जप हजारपट, हे वाचून आपण हिशेब मांडतो की मनातली एक माळ म्हणजे मोठी कमाई. पण तो गुणाकार नाम असेल तरच होतो. शून्याला हजाराने गुणलं तरी शून्यच. उलट कानाला नीट ऐकू आलेली एक माळ ही पूर्ण एक माळ असते, आणि शेजारी खेळणाऱ्या मुलाच्या कानावर ती पडली तर हरिदासांच्या हिशेबाने तिचं मोल आणखी वाढतं. म्हणून घर झोपलेलं असेल, लोकलमध्ये शेजारी कोणी बसलं असेल, तर मनात. एकटे असाल, मन सैरभैर असेल, तर मोठ्याने. आणि भजनाला बसलात तर तिथे मौनाचा मोठेपणा मिरवू नका, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिळवा.

आजचा अभ्यास : एक माळ मोठ्याने घ्या आणि तिला किती वेळ लागला ते पाहा. उद्या तेवढाच वेळ २७ मंत्र मनात सावकाश घ्यायला द्या.

॥ राम कृष्ण हरी ॥