विरजण देण्याआधी

किहीमला सुट्टीत येणाऱ्या एका बाईंनी शेजारच्या वाडीतल्या काकूंना बरणीभर केफिरचे दाणे दिले. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे दिसणारे हे दाणे दुधात घालून दिवसभर ठेवले की दूध आंबतं, थोडं फसफसतं. दह्यात मुख्यतः जिवाणू असतात, केफिरमध्ये यीस्टही असतं. दाढ सुजली म्हणून घेतलेल्या अँटिबायोटिकने काकूंना जुलाब लागले होते. औषधाने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारले जातात, म्हणून असं होतं. देणारीचा हेतू चांगलाच होता. पण काकूंची मुंबईत केमो चालू आहे, हे तिने विचारलं नव्हतं.

अशा पेयांच्या बाजूने पुरावा आहे. लंडनच्या रुग्णालयांतल्या पन्नाशीपुढच्या १३५ रुग्णांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिकबरोबर आणि नंतर आठवडाभर ठरावीक जिवाणूंचं पेय घेणाऱ्यांत जुलाबाचं प्रमाण १२ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ३४. मात्र प्रतिकारशक्ती दबलेल्या आणि कृत्रिम झडपा असलेल्या रुग्णांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे काकूंसारख्यांबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. पुढे २०१३ साली वृद्धांवरच्या फार मोठ्या अभ्यासात प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. लहान मुलांना केफिर देऊन पाहिलं, तेव्हाही एकूणात ठळक फरक पडला नाही.

केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आतड्याचं अस्तरही सोलवटलेलं असतं. निरोगी माणसात आतड्यातच राहणारा जिवाणू किंवा यीस्ट अशा वेळी रक्तात उतरू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टिरॉइडचे मोठे डोस घेणारे, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांनाही हाच धोका आहे. मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाजवळ तर यीस्टच्या पावडरीची पुडीसुद्धा फोडू नये. तिची धूळ हाताला लागते आणि हातावरून नळीत जाते.

म्हणून मला वाटतं, विरजण देताना "घरात कुणाची केमो चालू आहे का?" एवढं विचारणं हा देण्याचाच भाग आहे. त्यात संकोच कसला? आपुलकीने पुढे केलेला पेला आजारी माणसाला नाकारता येत नाही. ते ओझं त्याच्यावर का टाकायचं?

काकूंनी आधी डॉक्टरांना फोन केला, हे बरं झालं. डॉक्टरांनी केफिर घेऊ नका असं सांगितलं, ओआरएसची पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घ्यायला सांगितली आणि जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नका, असं बजावलं. अँटिबायोटिकनंतर कधी कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू आतड्यात माजतो. त्यात ती गोळी घातक ठरू शकते. ताप १०० च्या वर चढला, शौचात रक्त दिसलं किंवा पोटात कळा वाढल्या, तर सकाळची वाट न पाहता निघायचं, हेही त्यांनी काकूंच्या मुलाला सांगून ठेवलं.