होकाराचा पुरावा

चॅटबॉट पहिल्यांदाच उघडणारी माणसं कामाचं काही विचारण्याआधी अनेकदा एक वेगळंच वाक्य पाठवतात. ‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’ किंवा ‘माझी स्क्रीन दिसतेय ना?’ हे वाक्य टाइप केलेलं असतं, म्हणून जाणकारांना हसू येतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. २०२०च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग, ऑफिसच्या मीटिंगा आणि दूरदेशीच्या नातलगांनी पाहिलेले साखरपुडे याच वाक्याने सुरू झाले. त्याआधीच्या पिढीने ट्रंक कॉलवर घसा फोडून हेच विचारलं होतं. बोलण्याआधी तार जुळली आहे ना हे पाहावं, ही सवय शहाणपणाची आहे. अडचण निराळीच आहे. टेलिफोन आल्यापासून ज्या वाक्याने आपण जोडणी तपासत आलो, ते वाक्य इथे काहीच तपासत नाही. आणि तपासत नाही हे लक्षातही येत नाही, कारण उत्तर तर येतं.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांचं १९६० साली छापून आलेलं एक भाषण प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी भाषेची सहा कार्यं सांगितली. त्यांपैकी एक केवळ संपर्क जुळवण्याचं, टिकवण्याचं आणि तो चालू आहे ना याची खातरजमा करण्याचं. मुळातली कल्पना मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांची, १९२३ सालची. याकबसन यांनी या कार्यासाठी दिलेल्या उदाहरणांत फोनवरचं ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ हेही आहे. जाता जाता त्यांनी एक शेराही मारला: बोलणाऱ्या पक्ष्यांना माणसाच्या भाषेतलं हे एवढंच कार्य जमतं. भाषेच्या यंत्रांना ‘पोपट’ म्हणणारा शोधनिबंध २०२१ साली आला आणि खूप गाजला. पण आपल्या विषयापुरता मला याकबसन यांचा पक्षी अधिक नेमका वाटतो. संपर्क जुळल्याचा आवाज काढता येणं आणि संपर्क खरोखर जुळलेला असणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्या पक्ष्यात आधीच आलं आहे.

फोनवर या प्रश्नाचं कोणतंही उत्तर पुरावा ठरतं. पलीकडून ‘नाही हो, काहीच ऐकू येत नाही’ असं आलं तरी ऐकू गेलं, हे सिद्ध होतं. उत्तरात काय म्हटलंय याला महत्त्व नाही; आवाज गेल्याशिवाय उत्तर येऊच शकत नव्हतं, याला महत्त्व आहे. टाइप केलेल्या प्रश्नात नेमकी हीच साखळी तुटते. प्रश्न अक्षरांच्या वाटेने गेला, उत्तर अक्षरांच्या वाटेने आलं. मायक्रोफोनची वाट मध्ये लागलीच नाही. म्हणजे अक्षरं पोचतात एवढंच कळलं, आणि ते तर कोणी विचारलं नव्हतं.

शिवाय चॅटबॉटमागच्या यंत्राचा कल होकाराकडे का असतो, तेही पाहायला हवं. प्रचंड लिखित मजकूर वाचून, आधीच्या शब्दांपुढे कोणते शब्द शोभतील हे ते शिकलेलं असतं. आता विचार करा, ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाखाली माणसांनी आजवर काय म्हटलं असेल? ‘हो, येतोय, बोला.’ ज्यांना आवाज आलाच नाही त्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यामुळे त्यांची नोंदही कुठे नाही. कंपन्या नंतर शिकवणी देऊन हा कल आवरतात, आणि तू कोणत्या ॲपमध्ये आहेस, तुला काय जमतं, याची सूचना संभाषणाच्या आधी त्याला गुपचूप दिली जाते. पण इथेच एक खाच आहे. तेच यंत्र वेबसाइटवर, फोनच्या ॲपमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या मदत-खिडकीत, कधी बोलत्या रूपात वापरलेलं असतं. स्वतःला कान आहेत की नाहीत हे त्याला आतून जाणवत नाही. जे सांगितलं गेलं त्यावर ते बोलतं, आणि सांगायचं राहून गेलं तर अंदाजावर. त्यामुळे त्याचा होकार जसा भरवशाचा नाही तसा नकारही नाही. माणूस चक्क बोलतो आहे आणि यंत्र त्याला सांगतं आहे की मी फक्त मजकूर वाचू शकतो, असेही प्रकार घडतात.

आवाज आणि अक्षरं यांचा असा गोंधळ कसा होतो, हे एका साध्या प्रसंगातून पाहू. समजा, साताऱ्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवरून भरायचा आहे आणि ॲपमध्ये लाल अक्षरांत कसलीशी सूचना येऊन अडली आहे. नातीने फोनमध्ये चॅटबॉट घालून दिलेला आहे. टाइप करायचा कंटाळा, म्हणून गुरुजी कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून विचारतात, ‘आवाज येतोय?’ ते बोलले, यात शंका नाही. पण त्यांचा आवाज कीबोर्डपाशीच थांबला. कीबोर्डने त्याची अक्षरं केली आणि चॅटबॉटला फक्त ती अक्षरं मिळाली. मराठीत आपण बोलताना ‘का’ सहज गाळतो आणि प्रश्न स्वराच्या चढावर सोपवतो. तो चढ कीबोर्डवर उतरला नाही आणि प्रश्नचिन्हही उमटलं नाही, तर पलीकडे ‘आवाज येतोय’ हे विधान म्हणून पोचतं. मग गुरुजींनाच कुठला तरी आवाज येतो आहे, असं धरून त्यांना स्पीकर तपासण्याचे सल्ले मिळू शकतात. गुरुजी चिडतात, यंत्र मठ्ठ आहे म्हणतात. दोघांच्या मध्ये कोणी लेखनिक बसला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

बोलण्यासाठी खास दिलेल्या सोयीतसुद्धा हा लेखनिक बराच काळ होता. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ जाहीर करताना आपल्या आधीच्या बोलत्या सोयीची रचना सांगितली होती. एक यंत्र आवाजाची अक्षरं करी, दुसरं अक्षरांना अक्षरांत उत्तर देई, तिसरं त्या उत्तराचा आवाज करी. जीपीटी-४ वापरताना या सगळ्याला सरासरी ५.४ सेकंद लागत. पण वेळेपेक्षा मोठं नुकसान मधल्या पायरीवर होत होतं. विचार करणाऱ्या यंत्रापर्यंत बोलणाऱ्याचा सूर, मागचा गोंगाट, खोलीत दुसरं कोणी आहे की नाही, यातलं काहीच पोचत नव्हतं. नव्या रचनेत एकच यंत्र थेट ध्वनी घेतं आणि सरासरी ०.३२ सेकंदात, म्हणजे माणसाच्या गतीने, उत्तर देतं असा कंपनीचा दावा होता. आता जुन्या रचनेतल्या यंत्राला ‘ऐकू येतंय का?’ म्हटलं तर खरं उत्तर कोणतं? शब्द पोचले, आवाज नाही. हो म्हटलं तरी अर्धं खोटं आणि नाही म्हटलं तरी अर्धं खोटं. लेखनिक कधी कधी पदरचंही लिहितो. बोलताना मध्ये शांतता पसरली की आवाजाची अक्षरं करणारी यंत्रं कुणी न उच्चारलेली वाक्यं लिहून मोकळी होतात, हा त्यांचा ओळखीचा दोष आहे.

स्क्रीनची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिथे चुकीच्या होकाराची किंमत लगेच मोजावी लागते. ‘माझी स्क्रीन दिसतेय ना?’ याला हो मिळालं की माणूस वर्णन करायचं सोडून देतो. लाल अक्षरांत काय लिहिलंय, कोणत्या पानावर आहोत, हे सांगायचं राहतं, आणि यंत्र त्या ॲपची सर्वसाधारण कल्पना करून पायऱ्या सांगत सुटतं. साध्या गप्पांच्या खिडकीला स्क्रीन कधीच दिसत नाही. स्क्रीनशॉट जोडला तर तेवढं एक चित्र पोचतं, पुढचं पान उघडलं की ते शिळं होतं. स्क्रीन शेअर करण्याची सोय असलेली ॲपंही आता आहेत, पण तिथेही यंत्र माणसासारखं टक लावून बसलेलं नसतं. गूगलच्या जेमिनीच्या तांत्रिक माहितीनुसार व्हिडिओतून साधारणपणे सेकंदाला एकच चित्र उचललं जातं. क्षणभर झळकून गेलेली सूचना दोन चित्रांच्या मध्ये निसटू शकते. ती नेमकी तीच लाल अक्षरं असतील, तर आपल्याला वाटतं दोघांनी पाहिलं, आणि पाहिलेलं असतं एकानेच.

तेव्हा तपासायचं कसं? माझं म्हणणं असं की प्रश्नातच उत्तर असता कामा नये. ‘लाल सूचना दिसतेय का?’ या प्रश्नाने लाल सूचना आहे हे आपणच सांगून टाकलं. त्याऐवजी जे आपण लिहिलं नाही आणि अंदाजाने सांगता येणार नाही, ते विचारावं. वरच्या कोपऱ्यात बॅटरी किती टक्के दाखवतेय, हा प्रश्न उत्तम आहे. वेळ विचारू नये, वेळ ॲपला दुसरीकडूनही कळू शकते. बॅटरीचा आकडा न पाहता बरोबर सांगण्याची शक्यता फार थोडी, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारून तो बरोबर आला तर शंकेला जागा उरत नाही. आकडा चुकला, किंवा आकड्याऐवजी गोलमोल बोलणं आलं, तर स्क्रीन पोचलेली नाही असं धरून चालावं.

आवाजासाठी इतकी सरळ कसोटी नाही. टाळ्या वाजवून किती वाजवल्या हे विचारता येतं. टाळीची अक्षरं होत नाहीत, त्यामुळे बरोबर संख्या आली तर ध्वनी थेट पोचतोय असं म्हणता येतं. उलट मात्र खरं नाही. बऱ्याच सोयी माणसाचा आवाज सोडून बाकी सगळा गोंगाट समजून आधीच गाळतात, म्हणजे टाळ्या हुकल्या तरी बोलणं पोचत असू शकतं. बोलण्याची परीक्षा बोलण्यानेच घ्यावी आणि एखादं आडवळणी आडनाव किंवा गावाचं नाव परत म्हणून मागावं. तरी त्याने फक्त शब्द पोचल्याचं कळेल. मध्ये लेखनिक आहे की नाही, ते नाही.

यंत्राच्या तोंडी उत्तरापेक्षा फोनकडूनच काही कळतं का, तेही पाहावं. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून, एखादं ॲप मायक्रोफोन किंवा कॅमेरा वापरू लागलं की स्क्रीनच्या वरच्या बाजूला छोटा ठिपका किंवा चिन्ह दिसतं. ते फोनची मूळ यंत्रणा दाखवते, चॅटबॉट नाही, म्हणून त्या चिन्हाला गोडगोड बोलायची सवय नाही. ठिपका नसेल तर आपण हवेत बोलतो आहोत. असेल तर मायक्रोफोन उघडा आहे, पण आवाज पुढे कुठे जातोय हे त्यावरून कळत नाही. गुरुजींनी कीबोर्डवरचा माइक दाबला तेव्हाही ठिपका बहुधा लागलाच असणार.