चौथा रकाना

माझ्या जुन्या प्रयोगवहीत एक तक्ता आहे. रकाने तीनच: भाराचा रोध, विद्युतधारा आणि भाराला मिळालेली शक्ती. वडशाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हा तक्ता मी वर्षानुवर्षे मुलांकडून भरून घेतला. त्यात काय नव्हतं, ते मला फार उशिरा दिसलं.

प्रयोग साधा होता. 12 व्होल्टचा पुरवठा, त्याचा अंतर्गत रोध म्हणून बाहेर जोडलेला 1 ओहमचा जाड तारेचा रोधक आणि पुढे बदलता भार. भार 1 ओहम केला की धारा 6 अँपिअर आणि भाराला 36 वॉट. भार त्याहून कमी करा किंवा वाढवा, आकडा उतरतोच. मग मी फळ्यावर लिहायचो: भार अंतर्गत रोधाइतका असेल तेव्हा शक्ती सर्वाधिक. पुढे अवकलन, शून्याशी बरोबरी, तीन गुण. घंटा.

एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, मंग उरलेली अर्धी कोठं जाते जी?" त्याच्या घरची शेती वैनगंगेकडे, तारेच्या शेवटच्या टोकाला होती. मी म्हणालो, "ते परीक्षेला येत नाही." वर्ग हसला. मला ते हसणं आवडलं, हे आज लिहिताना लाज वाटते. खरं म्हणजे उत्तर टेबलावरच होतं. तो 1 ओहमचा रोधक इतका तापायचा की "हात लावू नका रे" असं मीच सांगायचो. त्याच्यातही 36 वॉटच जात होते. धारा एकच, दोन्ही रोध सारखे, मग उष्णताही सारखी. अर्धी शक्ती हरवली नव्हती. ती माझ्या बोटांजवळ होती. मग मी ती मोजायला का सांगितली नाही?

त्या रात्री एकट्यानेच हिशेब मांडला. भार 2 ओहम: भाराला 32 वॉट, वाया 16. भार अर्धा ओहम: भाराला पुन्हा 32 वॉटच, पण वाया 64! मिळकत तीच, नासाडी चौपट. आणि भार 9 ओहम असेल तर मिळतात जेमतेम 13 वॉट, पण शंभरातले नव्वद कामी येतात. म्हणजे "सर्वाधिक" आणि "सर्वोत्तम" हे दोन वेगळे शब्द होते. मी एक म्हणत होतो आणि मुलं दुसरा ऐकत होती. की मीही दुसराच ऐकत होतो?

थोरांचीही इथे गफलत झाली होती. याकोबीच्या या नियमाचा अर्थ 19व्या शतकात अनेकांनी असा लावला की विजेच्या यंत्रातून निम्म्याहून अधिक काम मिळूच शकत नाही. एडिसन आणि त्याचा सहकारी अप्टन यांनी मात्र डायनामोचा अंतर्गत रोध भाराच्या मानाने अगदी कमी ठेवला आणि ती समजूत मोडीत निघाली. हे वाचून मला हायसं वाटलं. पण ते ज्ञानाचं समाधान होतं, की आपल्या चुकीला मोठी सोबत मिळाल्याचं?

नियम काय सांगतो, तेही मी धड सांगितलं नव्हतं. स्रोत ठरलेला असेल तर भार किती असावा, एवढंच तो सांगतो. भार ठरलेला असेल तर तारेचा रोध वाढवून जुळवणं हा शुद्ध वेडेपणा. तिथे रोध जितका कमी तितकं बरं. अँटेनाने पकडलेला क्षीण संदेश असेल तर जुळवणी शहाणपणाची, कारण तिथे मिळेल तो कण हवा असतो. पण धानाच्या शेतावर?

त्या मुलाच्या शेताचा हिशेब मी कल्पनेने केला. 230 व्होल्ट, जाण्यायेण्याच्या तारेचा रोध मिळून 2 ओहम. 10 अँपिअर घेतले तर तारेत 20 व्होल्ट जातात, टोकाला 210 उरतात, वाया 200 वॉट. आता "सर्वाधिक शक्ती" घ्यायची म्हटली तर धारा 57.5 अँपिअर, टोकाला उरले 115 व्होल्ट. भाराला सुमारे 6600 वॉट आणि तेवढेच तारेत! अर्ध्या दाबावर मोटरचा सुरुवातीचा जोर चौथाई होतो. ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. त्याने ती गुणगुण ऐकली असणार. म्हणूनच तर विचारलं असणार.

मग पुढच्या वर्षी तक्त्यात चौथा रकाना घातला: रोधकातली उष्णता. मुलांनी निमूट भरला. अर्धी कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही, कारण आता ते समोरच लिहिलेलं होतं. बरं वाटलं, पण पुरतं नाही. त्या मुलाला मी उत्तर दिलंच नाही. आणि ज्या तक्त्यांवर कुणी मागच्या बाकावरून बोललंच नाही, त्यांतले न आखलेले रकाने कोणते?