जुळलेला कॅश फ्लो

‘कॅश फ्लो जुळलाय, आता त्यात काय बघायचं?’ असं एक सहकारी परवा म्हणाले, तेव्हापासून ते वाक्य मला छळतं आहे. ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंग या तीन कप्प्यांची बेरीज रोख शिलकीतल्या फरकाशी जुळायलाच हवी. पण एका कप्प्यातली रक्कम दुसऱ्यात टाकली तरी ती बेरीज हलत नाही. मग चूक कप्प्याची असेल तर जुळण्याने काय सिद्ध होतं?

एक उदाहरण घ्या. ताळेबंदात यंत्रसामग्री ८० लाखांची १०० लाख झाली. वर्षाचा घसारा १२ लाख आणि विक्री काही नाही, म्हणजे खरेदी ३२ लाखांची. पत्रकात इन्व्हेस्टिंगमध्ये ३२ लाख गेलेले दिसतात. पण यंत्र पुरवणाऱ्याचे १० लाख अजून द्यायचे आहेत आणि ते देणं कच्च्या मालाच्या देण्यांत मिसळलेलं आहे. देणी वाढली म्हणून ते १० लाख ऑपरेटिंगमध्ये अधिक झाले. प्रत्यक्षात यंत्रावर २२ लाखच गेले होते. धंद्याने न कमावलेले १० लाख कमाई म्हणून दिसतात, आणि बँक मॅनेजर नेमका तोच आकडा बघतो.

माझं आजवरचं म्हणणं असं, की एकूण बेरीज सोडा आणि ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीतला फरक सुटा करा. देणी फोडली की वरची चूक लगेच सापडते.

कप्पे निसर्गाने पाडलेले नाहीत, हेही खरं. दिलेलं व्याज आपल्याकडे इंड एएस ७ नुसार, वित्तसंस्था सोडल्या तर, फायनान्सिंगमध्ये जातं. अमेरिकेत तेच ऑपरेटिंगमध्ये. म्हणून दोन देशांतल्या कंपन्यांचे ऑपरेटिंग आकडे शेजारी ठेवण्याआधी व्याज कुठे आहे ते मी बघतो.

पण वर्ल्डकॉमचं प्रकरण आठवलं की माझाच उपाय मला अपुरा वाटतो. इतर कंपन्यांच्या दूरध्वनी वाहिन्या वापरण्याचं भाडं या अमेरिकी दूरसंचार कंपनीने खर्चात न टाकता मालमत्तेत चढवलं. २००२ च्या जूनमध्ये जाहीर झालेला आकडा ३.८ अब्ज डॉलरचा होता. तिथे मालमत्तेच्या ओळीतला फरक सुटा केला असता तरी वाढ, घसारा आणि दिलेले पैसे नीट जुळले असते, कारण पैसे खरोखरच गेले होते. फक्त ऑपरेटिंगमधून जायचे ते इन्व्हेस्टिंगमधून गेलेले दिसले.

तेव्हा ओळीओळीने जुळवणंही रकमेचीच तपासणी आहे, रकमेच्या जातीची नाही. सहकाऱ्यांशी माझं भांडण कायम आहे, पण माझी जागा मला बदलावी लागते आहे. त्या ३२ लाखांतली मोठी बिलं काढून मशीन कुठे बसवलं ते बघायचं. ज्या बिलावर ‘दुरुस्ती’, ‘भाडं’ किंवा ‘वार्षिक देखभाल’ लिहिलंय, ते मालमत्तेत का आलं हे आधी विचारायचं, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत इन्व्हेस्टिंगच्या आकड्यावर टिक करायची नाही.