शेजारच्या जिनिंगवर नजर ठेवून

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आज या जिल्ह्याचं नाव निघालं की आधी सोयाबीन आठवतं, पण कारंजा, मंगरूळपीर, मानोरा या पट्ट्याची जुनी ओळख कापसाची आहे. कापूस आला की जिनिंग आलंच, आणि एका गावात दोन जिनिंग असले की त्यांची चढाओढही आली. या चढाओढीतून खर्च कमी करण्याची धडपड वाढते की मरते, यावर अर्थशास्त्रात बराच काळ वाद चालला. जोसेफ शुम्पीटर यांनी 1942 मध्ये मोठ्या, बाजारावर पकड असलेल्या कंपनीची बाजू घेतली: संशोधनावर पैसा घालण्याची ऐपत तिलाच असते आणि त्याचं फळ राखण्याची ताकदही तिच्याकडेच. केनेथ ॲरो यांनी 1962 मध्ये नेमकी उलटी बाजू मांडली. मक्तेदाराला आधीच नफा मिळतोय, त्याला नवं काही शोधण्याची घाई कशाला असेल? दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं कुठे लागू पडतं, ते जिनिंगच्या हिशेबात फार स्वच्छ दिसतं.

विदर्भातल्या जिनिंगमध्ये प्रामुख्याने डबल रोलर यंत्रं असतात. कातड्याच्या चकत्या दाबून बसवलेला रोलर फिरतो, स्थिर पट्टीशी घासत कापसाचा तंतू ओढून घेतो आणि सरकी मागे राहते. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. खर्च कुठे होतो? वीज, मजुरी, रोलरची झीज, पट्टीची धार आणि यंत्र बंद पडल्याने वाया गेलेला वेळ. यातलं प्रत्येक कलम प्रयोग करून खाली आणता येतं: रोलरवरची खाच किती खोल असावी, दाब किती ठेवावा, कापूस यंत्रापर्यंत माणसांनी आणावा की हवेच्या झोताने. असे प्रयोग हंगामाआधी करावे लागतात. दिवाळीनंतर कापूस दारात आल्यावर यंत्र उघडून बसायला कोणालाच सवड नसते. म्हणजे पैसा आधी घालायचा आणि स्पर्धा मागाहून लढायची.

आता एक कल्पित गाव घेऊ. तिथे दोनच जिनिंग आहेत आणि दोन्ही क्विंटलमागे दर घेऊन कापसातली सरकी काढून देतात. आकडे हिशेब सोपा राहावा म्हणून निवडलेले आहेत, बाजारातले नाहीत. प्रत्येकाचा खर्च क्विंटलला 40 रुपये आहे. दर 60 रुपये असला की गावात 40 हजार क्विंटल कापूस येतो आणि दर रुपयाने घसरला की हजार क्विंटल आणखी येतो. किती यंत्रं चालवायची हे दोघांनी हंगामाआधीच ठरवलेलं असेल, तर प्रत्येकाकडे 20 हजार क्विंटल जातात आणि प्रत्येकाला चार लाख सुटतात. खर्च क्विंटलमागे सहा रुपयांनी उतरवेल अशी एक सुधारणा आहे. तिच्या प्रयोगांना दीड लाख लागतील.

एकानेच ती केली आणि गुपित त्याच्याकडेच राहिलं, असं धरू. वीस हजार क्विंटलवर सहा रुपये म्हणजे 1 लाख 20 हजार वाचतील. एवढ्यावर प्रयोगाचा खर्चही निघत नाही. पण मालक तिथे थांबणार नाही. स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर तो आणखी यंत्रं लावतो. ते दिसल्यावर शेजारी थोडा आखडतो. हिशेब मांडला तर पहिला 24 हजारांवर जातो, दुसरा 18 हजारांवर येतो, दर 58 होतो आणि पहिल्याचा नफा 5 लाख 76 हजारांवर पोहोचतो. वाढ 1 लाख 76 हजारांची झाली, म्हणजे प्रयोग परवडला. फरक पाडणारे 56 हजार आले ते पहिल्याचा विस्तार आणि शेजाऱ्याची माघार यांतून. शेजाऱ्याला मागे रेटण्यासाठी केलेला खर्च संशोधनाच्या खात्यात दिसतो, पण त्यातला काही भाग हा लढाईचा खर्च आहे.

पण शेजारीही हाच हिशेब करतो. समोरच्याने सुधारणा केली आणि आपण केली नाही, तर आपल्याला 3 लाख 24 हजार राहतात. केली तर दोघेही 4 लाख 84 हजारांवर येतात. फरक 1 लाख 60 हजारांचा, अजूनही दीड लाखाहून जास्त. म्हणून दोघेही पैसा घालतात. शेवटी प्रत्येकाच्या हातात प्रयोगखर्च वजा जाता 3 लाख 34 हजार उरतात, काहीच केलं नसतं तर चार लाख उरले असते. मालक हरले. जिंकला तो कापूस आणणारा, कारण त्याला दर 60 ऐवजी 56 पडला. स्पर्धेने संशोधन वाढवलं याचा अर्थ स्पर्धकांचं भलं झालं असा होत नाही.

स्पर्धा याहून तिखट असेल तर? यंत्रं रिकामी आहेत, दोघेही एकमेकांचा दर पाडत खर्चापर्यंत, म्हणजे 40 रुपयांपर्यंत आले आहेत आणि कोणालाच काही सुटत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे सुधारणा असेल तो 40 च्या किंचित खाली दर लावून गावातला सगळा 60 हजार क्विंटल कापूस ओढू शकतो. त्याला जवळपास 3 लाख 60 हजार मिळतात. गावात एकच जिनिंग असतं तर याच सुधारणेने त्याचा नफा फक्त 1 लाख 89 हजारांनी वाढला असता. ॲरो यांचा मुद्दा हाच होता. मात्र याच तिखटपणात एक खोच आहे. दोघांनीही सुधारणा केली तर दर 34 वर येईल, दोघांना शून्य मिळेल आणि दीड-दीड लाख पाण्यात जातील. त्यामुळे एकाने हालचाल केली असं कळताच दुसरा हात आखडतो. इथे स्पर्धा एकाची हिंमत वाढवते आणि दुसऱ्याची संपवते.

हे सगळं गुपित राहतं या गृहीतावर उभं आहे, आणि जिनिंगच्या धंद्यात गुपित राहत नाही. रोलर बसवणारा फिटर या हंगामात इथे असतो, पुढच्या हंगामात तिथे. यंत्र विकणारा कारखानदार एकच, तो दोघांनाही विकतो. बदललेला रोलर तर फाटकातून दिसतो. समजा सुधारणा पूर्णपणे गळली. एकाने दीड लाख घातले तरी खर्च दोघांचाही उतरतो आणि प्रत्येकाला 84 हजारच जास्त मिळतात. मग एकटा कोणीच हात घालणार नाही. शेजारी करेल आणि आपण उचलू, असं म्हणत दोघेही बसून राहतील. मात्र दोघांनी मिळून एकदाच प्रयोग केला, तर प्रत्येकी 75 हजार घालून 84 हजार येतात. क्लॉड दास्प्रेमाँ आणि अलेक्सी जाकमँ यांनी 1988 मध्ये अशाच साध्या प्रतिमानावरून दाखवलं की गळती निम्म्याहून जास्त असेल तर प्रतिस्पर्ध्यांनी संशोधन एकत्र करून बाजारात वेगळं लढलं, तर संशोधन वाढतं. गळती निम्म्याहून कमी असेल तर तीच एकी संशोधन घटवते, कारण एकत्र बसल्यावर एकमेकांना रेटण्याचं कारण उरत नाही.

वऱ्हाडाच्या इतिहासात एकीचे दोन्ही प्रकार सापडतात.

पहिला प्रकार म्हणजे पूल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाड आणि खानदेशात कारखाने कापसापेक्षा जास्त झाले होते. मालकांनी पूल केले: दर एकच ठेवायचा, कमाई ठरलेल्या हिश्श्याने वाटायची. काही कारखाने हंगामभर बंद राहत आणि तरी त्यांना हिस्सा मिळे. वरच्याच गावात हे लावून पाहू. दोघांनी दर 70 वर बांधला आणि 15-15 हजार क्विंटल वाटून घेतले, तर प्रत्येकाला साडेचार लाख मिळतात, म्हणजे स्पर्धेपेक्षा जास्त. पण सुधारणेने आता 15 हजार क्विंटलवर सहा रुपये, म्हणजे 90 हजारच वाचतात. हिस्सा बांधलेला असल्याने शेजाऱ्याचा कापूस ओढता येत नाही. दीड लाख कोण घालणार? बंद कारखान्याला हिस्सा देणाऱ्या व्यवस्थेत तर पट्टीची धार तपासण्याचंही कारण उरत नाही. एकच मालक असता तर त्याने हीच सुधारणा केली असती, हे विशेष. पूल हा मक्तेदारीपेक्षाही सुस्त असू शकतो.

दुसरा प्रकार सरकारी वाटेने आला. भारतीय कापूस समितीचा अहवाल 1919 मध्ये आला, त्यातून मध्यवर्ती कापूस समिती उभी राहिली आणि 1923 च्या कायद्याने कापसावर उपकर बसला. त्या पैशातून 1924 मध्ये मुंबईत माटुंग्याला तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्था, म्हणजे सिरकॉट. जो शोध सगळ्यांकडे गळणारच आहे त्याचा खर्च सगळ्यांकडून गोळा करायचा, हा तो 75 हजारांचाच हिशेब. क्रोम-कातड्याच्या रोलरची धूळ रुईत उतरते आणि क्रोमियम पसरतं. त्यावर क्रोमविरहित रोलर या संस्थेने विकसित केला. कोण्या एका जिनिंगने हे काम हाती घेतलं असतं असं वाटत नाही: क्रोमियमचा त्रास मजुराच्या फुफ्फुसाला, आणि पर्यायाचा फायदा शेजाऱ्यालाही. साखरेत हीच गरज सहकारी कारखान्यांनी स्वतः ओळखली आणि 1975 मध्ये पुण्याजवळ मांजरीला संस्था काढली. ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उसाची नवी जात शेजारच्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात शिरायला किती वेळ लागतो?

साखर कारखान्यात मात्र दुसऱ्या जातीचंही ज्ञान असतं. बॉयलर आणि बाष्पीभवनाची मांडणी अशी जुळवायची की वाफ कमी लागेल, हे त्या-त्या कारखान्याच्या यंत्रांना चिकटलेलं असतं. ते सहजी गळत नाही, म्हणून कारखाना त्यावर स्वतःचा पैसा घालतो. जिनिंगमध्ये असं न गळणारं फार थोडं आहे. त्यामुळे या धंद्यातलं संशोधन जिनिंगवाल्यांकडून सरकून यंत्र बनवणाऱ्यांकडे आणि सार्वजनिक संस्थांकडे गेलं. वऱ्हाडातला जिनिंगवाला संशोधन करत नाही म्हणून त्याला मागासलेला म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून हिशेब केला तर तोच बरोबर ठरतो.

फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्याच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान होतं. अनुदानाने यंत्रं बदलली, पण सगळ्यांनाच मिळणाऱ्या अनुदानाने कोणालाच आघाडी मिळत नाही. दोघांचाही खर्च उतरतो, दर खाली येतो आणि वाचलेल्या पैशातला बराचसा भाग कापूस विकणाऱ्याकडे किंवा रुई घेणाऱ्याकडे जातो. सरकारचा हेतू तोच असेल तर तक्रारीचं कारण नाही. मालकाला मात्र नव्या यंत्रांनंतरही पहिल्याइतकंच सुटतंय असं वाटतं, आणि ते खोटं नसतं.

अवघड प्रश्न एकीचे हे दोन प्रकार वेगळे ठेवण्याचा आहे. स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 नुसार प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवणं किंवा बाजार वाटून घेणं हे स्पर्धेला घातक मानलं जातं. त्यातच कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सूटही आहे. कागदावर रेषा स्वच्छ आहे. पण तालुक्याच्या गावी जिनिंगवाले रोलरच्या चाचणीसाठी वर्गणी काढायला एका खोलीत जमले, तर चहा येईपर्यंत यंदाच्या दराचा विषय निघणारच. तो निघाला की नाही हे बाहेरून ओळखायची एक खूण आहे. चाचणी यशस्वी होऊन खर्च उतरल्यावर पुढच्या हंगामात दरही खाली आला, तर खोलीत रोलरबद्दलच बोलणं झालं असण्याची शक्यता जास्त. खर्च उतरला, दर जिथल्या तिथे राहिला आणि एखादं जिनिंग कारण नसताना बंद दिसलं, तर तिथे काय वाटलं गेलं याची चौकशी करायला हरकत नाही.