दाजींचं पहिलं पुस्तक

मागच्या पावसाळ्यात सेलूहून दाजी आले होते. सकाळी चहाला बसले असताना म्हणाले, "एखादं पुस्तक द्या वाचायला. गोष्टीबिष्टीचं नको, खरं घडलेलं द्या." वय सत्तेचाळीस. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नंतरचं वाचन म्हणजे बँकेची नोटीस, खताच्या पिशवीवरचा मजकूर आणि मोबाइलवरचे निरोप. मला इतका आनंद झाला की त्या भरात मी चुकलेच. कपाटातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक काढून दिलं. जगाचा इतिहास, साडेचारशे पानं, तोही अनुवाद.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. आत खूण म्हणून एसटीचं तिकीट होतं, पान अकरा. अकराव्या पानावर अजून प्रस्तावनाच चालू होती.

"टाइमच मिळंना," दाजी म्हणाले. मी म्हटलं, "बरं, माझा चष्मा कुठं गेलाय कुणास ठाऊक, एवढं पान जरा वाचून दाखवा." त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि हात लांब केला. मग आणखी लांब केला. मोबाइलची अक्षरं बोटानं मोठी होतात, छापलेली होत नाहीत, त्यामुळे चाळिशी लागलेली त्यांना कळलीच नव्हती. मी माझ्याच डोक्यावरचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. ताई आतून हसली.

अक्षरं दिसायला लागली, तरी गाडी अडतच होती. आता अडचण वाक्यांची होती. तीन-तीन ओळींचं वाक्य, त्यात 'ज्याने', 'ज्यामुळे', आणि क्रियापद पार शेवटी. तिथं पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला व्हायचं, की पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला. एका पानात ते सात वेळा मागं गेले. तेव्हापासून माझी परीक्षा हीच. पुस्तक मधूनच उघडायचं, कारण पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून देतो. एक पान मोठ्यानं वाचायला लावायचं. माणूस दोन-तीनदा मागं गेला तर चालतं. त्याहून जास्त गेला तर पुस्तक कितीही थोर असो, ते पुढच्या वर्षी.

दुसरं पुस्तक निवडलं ते वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेलं, दोनशे पानांच्या आसपासचं, मुळातच मराठीत लिहिलेलं. मधलं पान दाजींनी तीन मिनिटांत वाचलं, फक्त एकदा मागं गेले. मी हिशेब केला. दोनशे पानांना सहाशे मिनिटं, रोज रात्री अर्धा तास, म्हणजे वीस दिवस. खुरपणी आणि फवारणीच्या मधे एवढी फट सापडते. साडेचारशे पानांना ती सापडली नसती. परदेशी नावं मात्र गोंधळ घालणार हे ठाऊक होतं, म्हणून खुणेच्या कागदावर चार-पाच नावं आणि कोण कुणाचं ते लिहून दिलं.

हेच का दिलं, तर दाजी बोलतात कशाबद्दल? कापसाबद्दल आणि जमिनीबद्दल. कार्व्हर म्हणजे अमेरिकेतल्या गुलाम आईचं पोर. ते लहानपणी आईसकट पळवलं गेलं आणि एका घोड्याच्या बदल्यात एकटंच परत मिळालं. पुढं शेतीशास्त्र शिकून १८९६ मध्ये टस्कीगीला गेलं. तिथं वर्षानुवर्षं कापूसच घेऊन जमीन खंगली होती. त्यानं शेतकऱ्यांना भुईमूग आणि चवळी पेरायला सांगितलं, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. पुस्तक जरा भक्तिभावानं लिहिलेलं आहे, हे मला मान्य आहे. पहिल्या पुस्तकाला मी तेवढं माफ करते. रात्री थकून बसलेल्या माणसाला पान उलटायला लावणं हे त्याचं पहिलं काम.

वीस नाही, सव्वीस दिवस लागले. मधे तीन दिवस पावसानं वीज नव्हती. मग एका सकाळी सहाला फोन आला. मला वाटलं, घोड्याच्या प्रसंगाबद्दल काही बोलतील. दाजी थेट शेतात शिरले.

"तुमच्या कार्व्हरचं एक मला पटलं नाही बघा. भुईमूग म्हणतोय. त्याची जमीन हलकी आसंल. आपल्या काळ्या भारी रानात वाळल्यावर उपटायला गेलं, की निम्म्या शेंगा मातीतच राहत्यात."

"मग?"

"मग काय, आपण कापसात तूर टाकतो, मूग टाकतो, त्येच की ते. गाठी तिच्या मुळालाही असत्यात. काल उपटून बघितल्या." थोडं थांबले. "त्या माणसानं काळ्या जमिनीबद्दल कुठं लिहिलंय का? आसंल तर ते बी द्या. चष्मा आता माझा मी आणलाय."