दरोबस्त

राजापूर तालुक्यातलं आमचं घर विकलं, त्या खरेदीखतात एक जुनी ओळ होती. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दरोबस्त लिहून दिली, अशी. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा उठवताना माझी नजर त्याच ओळीवर खिळली. जल म्हणजे आमची विहीर. काष्ठ म्हणजे आजोबांनी घातलेले फणसाचे वासे. ओळीत सगळंच होतं. पहाटे चुलीपुढे बसलेल्या आजीची पाठ तेवढी कुठल्याच शब्दात मावत नव्हती.

घर का विकता, असं अनेकांनी विचारलं. आधीची दोन वर्षं ते बंद होतं. कोकणात बंद घर टिकत नाही. वैशाखात शाकारणी झाली नाही की सरकलेलं कौल तसंच राहतं, पहिल्या पावसात पाणी वाशावर उतरतं आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. चिऱ्याच्या भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तेव्हा मी वाशावर बोटानं ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. कुलूप लावून आपण घर जपतोय, ही माझी समजूत त्या आवाजानं मोडली.

सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर आम्हा भावांबरोबर दोन्ही बहिणींची नावं होती. हक्कसोड करून घ्या, व्यवहार सोपा होईल, असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही. त्याच माजघरात त्याही वाढल्या होत्या. चौघांनी सह्या केल्या, चौघांनी पैसे सारखे वाटून घेतले.

देव आधी हलवले. मग धाकटी बहीण रिकाम्या देवघरात बसून मोठ्यानं रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. रडायचं ते तिथंच, आपल्या माणसांत, हे बरं झालं. ते दुःख घेणाऱ्याच्या गळ्यात घालण्याचा हक्क आपल्याला नसतो. अमुक भिंत पाडू नका, आंब्याला हात लावू नका, अशा अटी मनात येतात. त्या मी ओठांवर येऊ दिल्या नाहीत.

घेणाऱ्या गृहस्थांना मात्र मी घरभर फिरवलं. एप्रिलअखेर विहिरीचं पाणी तळाला जातं, तेव्हा पंप सलग चालवू नका, हे सांगितलं. माजघरावरचा पोकळ वासा दाखवला आणि त्याच्या खर्चापोटी ठरल्या रकमेतून पैसे कमी केले. या घरानं आम्हा चौघांना वाढवलं, त्याच्याबद्दल खोटं बोलून पैसे घेणं मला जमलं नसतं.

यंदा वैशाखात त्यांचा फोन आला. वासा बदलला, शाकारणी झाली, म्हणाले. आता त्या माजघरात त्यांची दोन मुलं झोपतात.